रोलच्या प्रमेयाने ‘जास्तीत जास्त एक मूळ’ सिद्ध करताना गुण कुठे जातात

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या शिकवणीला बारावीची आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुले येतात, आणि दोन्ही वर्गांच्या वह्यांत एकच अडचण पुन्हा पुन्हा दिसते. ‘दिलेल्या समीकरणाला जास्तीत जास्त एक वास्तव मूळ आहे हे रोलच्या प्रमेयाच्या साहाय्याने सिद्ध करा’ असा प्रश्न असतो. विद्यार्थी विकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, काढतो, तो कोठेही शून्य होत नाही हे दाखवतो, ‘म्हणून रोलच्या प्रमेयानुसार मूळ एकच आहे’ असे लिहितो, आणि तरीही निम्मे गुण कापले जातात. आकडेमोड बरोबर असते आणि निष्कर्षही बहुधा बरोबर असतो. त्यामुळे परीक्षकाने अन्याय केला असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात त्या दोन ओळींच्या मध्ये जी सिद्धता असायला हवी होती, ती लिहिलेलीच नसते.

प्रमेय आधी नीट समोर ठेवू. फल f हे [a, b] या संवृत अंतरालावर संतत असेल, (a, b) या विवृत अंतरालात विकलनीय असेल आणि f(a) = f(b) असेल, तर (a, b) मध्ये किमान एक बिंदू c असा असतो की f′(c) = 0. उपवन तलावाच्या काठावरून येऊरच्या चढाला लागलेला माणूस पुन्हा त्याच उंचीवर परत आला, तर वाटेत कोठेतरी चढ संपून उतार सुरू झालेला असतो. प्रमेय एवढेच सांगते. तो बिंदू नेमका कोठे आहे हे सांगत नाही, परंतु तो सुरुवात आणि शेवट यांच्या काटेकोरपणे मध्ये आहे याची हमी देते. या हमीकडे दुर्लक्ष झाले की पुढच्या सर्व चुका सुरू होतात. म्हणून कोणतीही सिद्धता तपासताना मी एकच प्रश्न विचारते: तू ज्या c बद्दल बोलतो आहेस, तो कोणत्या दोन बिंदूंच्या मध्ये आहे?

अंतराल चुकीचे निवडले जाते

2x³ + 5x − 9 = 0 हे समीकरण घेऊ. येथे f(x) = 2x³ + 5x − 9 आणि f′(x) = 6x² + 5. वर्ग ऋण नसतो, म्हणून f′(x) ची किंमत प्रत्येक वास्तव x साठी किमान 5 असते आणि ती शून्य होऊच शकत नाही. वहीत सर्वाधिक आढळणारे उत्तर पुढे असे जाते: ‘f(0) = −9 आणि f(2) = 17, म्हणून 0 आणि 2 यांच्यामध्ये मूळ आहे. आता [0, 2] वर रोलचे प्रमेय लावू. f′(x) शून्य होत नाही, म्हणून मूळ एकच.’

या उत्तराला माझा नेहमीचा प्रश्न विचारला की दोष लगेच उघडा पडतो. [0, 2] वर प्रमेय लावायचे तर f(0) आणि f(2) समान असायला हवेत, आणि विद्यार्थ्याने स्वतःच्याच हाताने एक −9 व दुसरे 17 असे लिहिले आहे. प्रमेयाची तिसरी अट येथे पाळली जात नाही, त्यामुळे या अंतरालावर प्रमेय काहीच बोलत नाही. शिवाय मूळ 0 आणि 2 यांच्या बाहेर असू शकते का, या प्रश्नालाही या उत्तरात स्पर्श झालेला नाही.

गोंधळाचे कारण असे की येथे दोन वेगवेगळी कामे आहेत आणि दोन्हींना अंतराल लागते. मूळ ‘आहे’ हे दाखवताना आपण अंतराल स्वतः निवडतो; त्याच्या टोकांना फलाची चिन्हे विरुद्ध असावी लागतात आणि संतत फल एका चिन्हाकडून दुसऱ्या चिन्हाकडे जाताना शून्यातून जाते. मूळ ‘एकापेक्षा अधिक नाही’ हे दाखवताना मात्र अंतरालाची टोके आपण निवडतच नाही. दोन मुळे आहेत असे क्षणभर मानायचे आणि ती मानलेली मुळे हीच टोके घ्यायची. मुळांच्या ठिकाणी फलाची किंमत शून्य असते, म्हणून टोकांच्या किमती आपोआप समान होतात. पहिल्या कामाला विरुद्ध चिन्हे लागतात आणि दुसऱ्याला समान किमती; एकच अंतराल दोन्ही कामांना चालणे अशक्य आहे.

पूर्ण गुण मिळवणारी सिद्धता अशी लिहावी. ‘समजा, समीकरणाला a आणि b अशी दोन भिन्न वास्तव मुळे आहेत आणि a < b. मग f(a) = f(b) = 0. f ही बहुपदी असल्यामुळे ती [a, b] वर संतत आणि (a, b) मध्ये विकलनीय आहे. म्हणून रोलच्या प्रमेयानुसार a आणि b यांच्यामध्ये एक c असा आहे की f′(c) = 0, म्हणजेच 6c² + 5 = 0. परंतु प्रत्येक वास्तव c साठी 6c² + 5 ≥ 5. ही विसंगती आहे. म्हणून समीकरणाला दोन भिन्न वास्तव मुळे असू शकत नाहीत.’ सिद्धता येथे संपते. यात 0 किंवा 2 यांचा उल्लेखही नाही, कारण प्रश्न ‘जास्तीत जास्त एक’ एवढाच आहे. प्रश्नात ‘नेमके एक’ असे म्हटले असेल, तरच f(0) आणि f(2) यांची चिन्हे दाखवणारा परिच्छेद स्वतंत्रपणे जोडावा.

‘पण मॅडम, त्रिघाती समीकरणाला तीन मुळे असतातच ना?’ ही शंका येथे हमखास येते. तीन मुळे असतात, मात्र ती संमिश्र संख्यांमध्ये मोजली तर. या समीकरणाची उरलेली दोन मुळे परस्परांच्या अनुबद्ध संमिश्र संख्या आहेत. ‘a आणि b यांच्यामध्ये’ या शब्दांना संख्यारेषेवरच अर्थ आहे, त्यामुळे प्रमेय फक्त वास्तव मुळांविषयी बोलते.

फलाच्या प्रांतात भेग असते

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे निष्कर्षच खोटा ठरतो. x − 4/x = 3 हे समीकरण पाहा. उजवी बाजू डावीकडे नेली की f(x) = x − 4/x − 3 आणि f′(x) = 1 + 4/x². हा विकलज जेथे अस्तित्वात आहे तेथे 1 पेक्षा मोठाच असतो, शून्य कधीच होत नाही. वरचाच साचा डोळे मिटून वापरला तर ‘जास्तीत जास्त एक मूळ’ असे उत्तर येते. आता x = 4 घालून पाहा: 4 − 1 = 3. आणि x = −1 घालून पाहा: −1 + 4 = 3. मुळे दोन आहेत.

प्रमेय खोटे ठरले नाही. ते लावायची परवानगीच नव्हती. मानलेली मुळे −1 आणि 4 घेतली तर अंतराल [−1, 4] होते आणि त्यात 0 येतो, जेथे f ला किंमतच नाही. संततपणाची अट तेथे मोडली. येथे जे खरोखर सिद्ध होते ते असे: दोन्ही मुळे धन असतील तर त्यांच्यामधले सर्व बिंदूही धन असतात, त्यामुळे प्रमेय लागते आणि विसंगती येते, दोन्ही ऋण असतील तरीही तसेच. म्हणून धन बाजूला जास्तीत जास्त एक आणि ऋण बाजूला जास्तीत जास्त एक, मिळून जास्तीत जास्त दोन. tan x = 1 हे याच दोषाचे टोकाचे उदाहरण आहे. विकलज sec² x कधीच शून्य नसतो, आणि मुळे मात्र अनंत आहेत, कारण प्रत्येक दोन लगतच्या मुळांच्या मध्ये tan x ची एक भेग येते.

विकलनीयतेची अट मोडली तरी हेच घडते. |x| − 2 ला कोठेही भेग नाही, 0 सोडून सर्वत्र त्याचा विकलज 1 किंवा −1 आहे आणि तो कधीच शून्य नाही. तरीही 2 आणि −2 ही दोन मुळे आहेत, कारण त्यांच्यामध्ये 0 पाशी टोक आहे.

मुलांना या अटी लिहिण्याचा कंटाळा का येतो, हे मला समजते. सरावातली बहुतेक समीकरणे बहुपदींची असतात आणि बहुपदी सर्वत्र संतत व विकलनीय असल्याने पहिल्या दोन अटी फुकटातच मिळतात. मिशेल रोल यांनी १६९१ मध्ये जे मांडले तेही बहुपदींपुरतेच होते, आणि तेही कलनशास्त्राचा आधार न घेता, बीजगणिताच्या रीतीने. त्या काळी नव्याने आलेल्या अत्यल्प राशींच्या गणितावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. समीकरणात छेदात x, मापांक, लॉगॅरिदम किंवा tan दिसले की त्या दोन अटी फुकट राहत नाहीत, आणि अंतराल संपूर्णपणे प्रांताच्या एकाच सलग तुकड्यात आहे हे शब्दांत लिहावे लागते.

‘विकलज धन आहे, म्हणून फल वाढते आहे, म्हणून मूळ एकच’ असा आडमार्ग काही जण घेतात. एका सलग अंतरालावर तो बरोबर आहे. परंतु धन विकलजावरून फल वाढते हे सिद्ध करायला मध्यमूल्य प्रमेय लागते, आणि ते स्वतः रोलच्या प्रमेयावरून येते. शिवाय x − 4/x − 3 पाशी हा मार्गही तितकाच फसतो. प्रश्नात रोलचे नाव असेल तर सरळ रोलच वापरावा.

विकलज शून्य होतो, तरीही मूळ एकच असते

आता उलट बाजूची अडचण. x = cos x या समीकरणाला नेमके एक वास्तव मूळ आहे हे दाखवायचे आहे. f(x) = x − cos x घेतले तर f′(x) = 1 + sin x. ऐरोलीहून येणारी एक विद्यार्थिनी येथे थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, 1 + sin x तर शून्य होतो की! sin x ची किंमत −1 झाली की झालेच. मग येथे रोल चालत नाही.’ तिचे पहिले वाक्य पूर्ण बरोबर होते. −π/2, 3π/2 अशा अनंत ठिकाणी हा विकलज शून्य होतो. मी तिला विचारले, ‘अगं, या समीकरणाचे मूळ 10 असू शकेल का?’ क्षणभर विचार करून ती म्हणाली, ‘नाही. cos x ची किंमत 1 च्या वर जातच नाही.’

अडचण तेथेच सुटली. x हे मूळ असेल तर x = cos x, आणि cos x नेहमी −1 ते 1 या मर्यादेत असतो; म्हणून प्रत्येक मूळ [−1, 1] मध्येच असले पाहिजे. आता a < b अशी दोन मुळे आहेत असे माना. दोन्ही [−1, 1] मध्ये आहेत, त्यामुळे त्यांच्या काटेकोरपणे मध्ये असलेला c हा (−1, 1) मध्ये आहे. प्रमेयानुसार 1 + sin c = 0, म्हणजे sin c = −1. परंतु sin ची किंमत −1 जेथे होते त्या बिंदूंपैकी 0 ला सर्वांत जवळचा बिंदू −π/2, म्हणजे सुमारे −1.57, आहे, आणि तो (−1, 1) च्या बाहेर पडतो. विसंगती मिळाली. मूळ आहे हे दाखवायला f(0) = −1 आणि f(1) = 1 − cos 1, म्हणजे सुमारे 0.46, एवढे पुरते.

विकलज सर्व वास्तव संख्यांवर शून्येतर असण्याची गरज नसते, हे या उदाहरणाचे मर्म आहे. तो फक्त c जेथे असू शकतो तेथे शून्येतर असावा लागतो. म्हणून विकलजाला शून्ये आढळली की प्रमेय सोडून देण्याआधी मुळांना कोंडायचा प्रयत्न करावा: समीकरणाच्या स्वरूपावरूनच मुळे एखाद्या अंतरालात अडकतात का ते पाहावे. ताळा म्हणून कॅल्क्युलेटरवर कोणतीही संख्या घेऊन cos चे बटण दाबत राहिले तर पडद्यावरची संख्या 0.739 च्या आसपास स्थिरावते. ती 0.99985 वर स्थिरावली, तर कॅल्क्युलेटर रेडियनऐवजी अंशांत आहे. आणि sin x हा −cos x चा विकलज रेडियनमध्येच असतो, त्यामुळे हा ताळा अंशांत घेण्यात अर्थ नाही.

x³ = 5 येथेही हीच युक्ती लहान प्रमाणात चालते. f(x) = x³ − 5 चा विकलज 3x² फक्त 0 पाशी शून्य होतो. दोन मुळे असतील तर 0 त्यांच्यामध्येच यावा लागेल, म्हणजे एक मूळ ऋण असावे लागेल. परंतु ऋण संख्येचा घन 5 होऊ शकत नाही.

अशी कोंडी करता आली नाही, तर विकलजाच्या शून्यांवरून जे मिळते ते एकाने अधिक असते, हे लक्षात ठेवावे. eˣ = x + 2 मध्ये f(x) = eˣ − x − 2 आणि f′(x) = eˣ − 1, जो फक्त x = 0 पाशी शून्य होतो. ‘विकलजाला एकच शून्य, म्हणून मूळ जास्तीत जास्त एक’ असे येथे लिहिले जाते आणि ते चूक आहे. तीन मुळे मानली तर पहिल्या व दुसऱ्याच्या मध्ये एक आणि दुसऱ्या व तिसऱ्याच्या मध्ये एक, असे विकलजाचे दोन वेगळे शून्यबिंदू लागतील. आपल्याकडे एकच आहे. म्हणून तीन मुळे अशक्य आणि दोन शक्य. येथे ती दोन खरोखरच आहेत: f(−2) धन, f(0) ऋण आणि f(2) धन आहे.

टोकावरचे शून्य

शेवटचा प्रकार असा आहे की त्यात विद्यार्थी चुकण्याऐवजी घाबरून बरोबर उत्तर खोडतो. ‘k ची किंमत कोणतीही असो, x³ − 27x + k = 0 ला [−3, 3] मध्ये जास्तीत जास्त एक मूळ आहे, हे सिद्ध करा.’ येथे f′(x) = 3x² − 27, आणि तो नेमका −3 व 3 पाशीच शून्य होतो, म्हणजे दिलेल्या अंतरालाच्या टोकांवर. विकलज अंतरालात शून्य झाला, असे समजून अनेक जण येथे थांबतात. पुन्हा तोच प्रश्न विचारावा: c कोठे आहे? a आणि b ही दोन मुळे [−3, 3] मध्ये असतील, तर c त्यांच्या काटेकोरपणे मध्ये असल्याने तो (−3, 3) मध्ये आहे. टोकांवर तो जाऊच शकत नाही. त्या विवृत अंतरालात c² < 9, म्हणून 3c² − 27 ऋण आहे, शून्य नाही. सिद्धता पूर्ण झाली, आणि k विकलजात उरतच नसल्यामुळे ती प्रत्येक k साठी एकदमच झाली.

या समीकरणात k बदलून पाहिले की दाव्याची नेमकी व्याप्ती दिसते. k = 0 असेल तर मुळे 0, 3√3 आणि −3√3 अशी तीन आहेत, परंतु 3√3 सुमारे 5.2 असल्याने [−3, 3] मध्ये फक्त 0 येतो. म्हणून उत्तराच्या शेवटी ‘[−3, 3] मध्ये’ हे शब्द गाळले तर विधानच खोटे होते. k = 60 असेल तर या अंतरालात f सतत घटत जातो आणि त्याची सर्वांत लहान किंमत f(3) = 6 असते, म्हणजे तेथे एकही मूळ नाही, आणि ‘जास्तीत जास्त एक’ हे तरीही खरेच राहते. k = 54 असेल तर समीकरण (x − 3)²(x + 6) = 0 असे होते. 3 हे दुहेरी मूळ अंतरालाच्या टोकावर येते, आणि ‘दोनदा आले म्हणजे दोन मुळे झाली’ अशी शंका निघते. प्रमेय लावण्यासाठी a < b असे दोन भिन्न बिंदू लागतात. दुहेरी मूळ हा एकच बिंदू आहे, त्यामुळे या मोजणीत ते एकदाच धरले जाते, आणि ‘दोन भिन्न मुळे माना’ यातला ‘भिन्न’ हा शब्द सिद्धतेच्या पहिल्या ओळीत लिहिणे यासाठीच आवश्यक आहे.